विश्लेषण : घर बदलले, शाळेला ‘पत्ता दुरुस्ती’चा अर्ज द्यावा की ‘पत्ता बदला’चा?

घाटकोपरच्या पंतनगरपासून बोरिवली, अंधेरी, मुलुंडपर्यंत जुन्या इमारती पाडून नव्या उभ्या राहत आहेत. विकासकाने भाडे दिले की कुटुंब दोन-तीन वर्षांसाठी दुसरीकडे राहायला जाते. घाटकोपर पूर्वेच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात तर एमएमआरडीए आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाच्या संयुक्त प्रकल्पामुळे हजारो कुटुंबांना घरे रिकामी करून भाड्याच्या घरांत जावे लागत आहे. घर बदलते, पण मुलांची शाळा बहुधा तीच राहते. मग जून-जुलैत कधीतरी शाळेच्या कार्यालयात एक अर्ज जातो : ‘माझ्या पाल्याचा पत्ता दुरुस्त करून मिळावा.’ या अर्जातला ‘दुरुस्त’ हा शब्द काही कुटुंबांना महागात पडू शकतो.

‘दुरुस्ती’ आणि ‘बदल’ यांत फरक काय?

नोंद पहिल्यापासून चुकलेली असेल तर ती दुरुस्ती. नोंद तेव्हा बरोबर होती, आता परिस्थिती वेगळी आहे, तर तो बदल. प्रवेश अर्जात घाटकोपर (पूर्व), ४०००७७ असे लिहिले होते आणि संगणकात भरताना घाटकोपर (पश्चिम), ४०००८६ झाले, तर दुरुस्ती मागायची आणि सोबत मूळ प्रवेश अर्जाची प्रत जोडायची. कुटुंब १ मेपासून मुलुंडला राहायला गेले असेल तर जुना पत्ता चुकीचा नव्हता. ३० एप्रिलपर्यंत तोच खरा होता. अशा वेळी बदल मागायचा आणि तारीख सांगायची.

हा भाषेचा कीस काढणे नव्हे. कार्यालयातील अर्ज विद्यार्थ्याच्या फाइलला लागतो आणि वर्षानुवर्षे तिथेच राहतो. ‘आमच्या पाल्याचा पत्ता चुकीचा नोंदला गेला आहे, तो दुरुस्त करावा,’ असे पालकाने स्वतःच्या सहीने लिहून दिले, तर पुढे फाइल चाळणाऱ्याला त्याचा एकच अर्थ दिसतो : प्रवेशाच्या वेळी दिलेला पत्ता खरा नव्हता.

याचा फटका कोणाला बसू शकतो?

सर्वात आधी आरटीईच्या २५ टक्के राखीव जागांवर प्रवेश मिळालेल्या मुलांना. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १२(१)(क) नुसार खासगी शाळांत या जागा भरल्या जातात, आणि महाराष्ट्रात त्यासाठी घर ते शाळा हे अंतर निर्णायक ठरते. ऑनलाइन अर्ज भरताना पालकाला नकाशावर घराची जागा दाखवावी लागते. एक किलोमीटरच्या आतील मुलांना प्राधान्य, नंतर एक ते तीन किलोमीटर. निवासाचा पुरावा पडताळणी समितीपुढे ठेवावा लागतो आणि भाड्याने राहणाऱ्यांकडून नोंदणीकृत भाडेकरार मागितला जातो. दिलेल्या पत्त्यावर कुटुंब राहतच नाही, असे निघाले तर प्रवेश रद्द होऊ शकतो. नागपुरात २०२४ मध्ये बनावट कागदपत्रांच्या आधारे आरटीई प्रवेश घेतल्याच्या आरोपावरून पालकांवर पोलिसांत गुन्हे दाखल झाले होते. तेव्हापासून या विषयात शाळा आणि शिक्षण विभाग दोघेही जास्त सावध झाले असतील तर नवल नाही.

पण प्रवेशानंतर खरोखरच घर बदलले, म्हणून प्रवेश आपोआप रद्द होतो, असे शिक्षण हक्क कायद्यात कुठेही म्हटलेले नाही. अंतराची अट प्रवेशाच्या वेळची आहे. म्हणून प्रवेशाच्या दिवशी आपण तिथेच राहत होतो आणि नंतर अमुक तारखेला, अमुक कारणाने हललो, हे कागदावर स्पष्ट असणे महत्त्वाचे. ते झाकून ठेवण्यात मात्र धोका आहे. शाळेच्या दप्तरात जुना पत्ता, पालकांच्या आधारवर तिसराच आणि पोर प्रत्यक्षात मुलुंडहून येते, हे चित्र एखाद्या तक्रारीच्या वेळी समोर आले की खुलासा करत बसावे लागते. शिवाय आरटीईतून एकदा प्रवेश घेतलेल्या बालकाला या कोट्यात पुन्हा अर्ज करता येत नाही. हातातली जागा गेली तर ती गेलीच, आणि आठवीपर्यंतच्या मोफत शिक्षणाचा प्रश्न उभा राहतो.

दुसरा गट झोपडपट्टी पुनर्वसनातील कुटुंबांचा. ‘शाळेत पत्ता बदलला तर आपली पात्रता जाईल’ अशी भीती अनेकांच्या मनात असते. पात्रता ठरते ती परिशिष्ट-२ या यादीवरून आणि १ जानेवारी २००० किंवा १ जानेवारी २०११ पूर्वीच्या वास्तव्याच्या पुराव्यावरून. आज मुलाच्या शाळेत सध्याचा पत्ता नोंदवल्याने तो जुना पुरावा पुसला जात नाही. तरीही ‘जुना पत्ता चुकीचा होता’ असे आपल्याच सहीने लिहून ठेवणे इथेही शहाणपणाचे नाही.

शाळेच्या दप्तरात पत्ता नेमका असतो कुठे?

पालकांचा मोठा गोंधळ इथे होतो. शाळेतील सर्वात महत्त्वाचे दप्तर म्हणजे जनरल रजिस्टर. त्यात विद्यार्थ्याचे नाव, आईचे नाव, धर्म, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख अशा नोंदी असतात आणि शाळा सोडल्याचा दाखला त्यावरूनच तयार होतो. या रजिस्टरातले नाव, जात किंवा जन्मतारीख बदलायची तर माध्यमिक शाळा संहितेनुसार शिक्षणाधिकाऱ्यांची, मुंबईत शिक्षण निरीक्षकांची, पूर्वपरवानगी लागते. म्हणूनच ‘जनरल रजिस्टरमध्ये दुरुस्ती’ म्हटले की लिपिक हात आखडता घेतात आणि ‘वरून परवानगी आणा’ म्हणतात.

राहत्या पत्त्याला ही प्रक्रिया लागत नाही. दाखल्यावर राहता पत्ता छापला जात नाही. तिथे असते ते जन्मस्थळ. काही पालक दाखल्याच्या नमुन्यातले ‘घाटकोपर’ पाहून तेही ‘मुलुंड’ करून मागतात. घर कितीदाही बदलले तरी जन्मस्थळ बदलत नाही, आणि त्या रकान्याला हात लावायची मागणी अर्जात चुकूनही येऊ नये. एक साधा अर्ज विनाकारण परवानगीच्या रांगेत जाऊन पडतो.

राहता पत्ता असतो तो प्रवेश अर्जाच्या फाइलमध्ये, शाळेच्या फी व ओळखपत्राच्या संगणक प्रणालीत, वर्गशिक्षकांकडील माहितीत आणि केंद्र सरकारच्या ‘यूडायस प्लस’ या पोर्टलवर. यूडायस प्लसवर प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद असते. तिला ‘पेन’ म्हणजे कायमस्वरूपी शिक्षण क्रमांक जोडलेला असतो. त्या नोंदीत पत्ता, पिनकोड आणि पालकांचा मोबाइल क्रमांक असतो. घरापासून शाळेच्या अंतराचाही रकाना असतो, आणि तो नेमका विसरला जातो. पिनकोड ४०००८१ झाला आणि अंतर ‘एक किलोमीटरपेक्षा कमी’ असेच राहिले, तर नोंद स्वतःशीच भांडू लागते.

पत्ता आणि पिनकोड शाळेच्या लॉगिनमधूनच बदलता येतो. पालकांना तिथे प्रवेश नसतो. या पोर्टलसाठी दरवर्षी ३० सप्टेंबर ही संदर्भ तारीख धरली जाते. त्यामुळे अर्ज जून-जुलैत दिलेला बरा. नोंदी अंतिम करून प्रमाणित झाल्या की पुढची संधी येईपर्यंत थांबावे लागते.

एक उदाहरण

पंतनगरमधील म्हाडा वसाहतीत राहणारे एक कुटुंब घेऊ. हे उदाहरण समजण्यापुरते आहे. मुलगी घाटकोपर पूर्वेच्या खासगी शाळेत पाचवीत आहे, पहिलीला आरटीईतून प्रवेश मिळालेला. इमारत पुनर्विकासाला गेली आणि कुटुंब १ मेपासून मुलुंड पूर्वेला भाड्याच्या घरात आले. भाडेकरार अकरा महिन्यांचा, नोंदणीकृत. आता मुलगी आईसोबत लोकलने मुलुंड ते घाटकोपर प्रवास करते.

पहिली अडचण येते ती रेल्वे पासवर. विद्यार्थ्यांच्या सवलतीच्या मासिक पाससाठी शाळेचे प्रमाणपत्र लागते, आणि त्यावर घराजवळचे स्थानक व शाळेजवळचे स्थानक अशी दोन नावे असतात. रेल्वेच्या नियमानुसार बारावीपर्यंतच्या मुलांना आणि पदवीपर्यंतच्या मुलींना घर ते शाळा असा दुसऱ्या वर्गाचा पास मोफत मिळण्याची तरतूद आहे. पण लिपिकाच्या संगणकात घर आहे पंतनगर, म्हणजे घाटकोपर. घाटकोपर ते घाटकोपर पास कसला देणार? आणि मनाने ‘मुलुंड’ लिहिले तर उद्या त्याला विचारणा होणार. त्यामुळे ‘आधी पत्ता बदला’ हे त्याचे म्हणणे रास्तच आहे.

दुसरी अडचण पुराव्याची. लिपिक म्हणतो, ‘वीजबिल आणा.’ घाटकोपरला बिल अदानीचे यायचे, मुलुंडला महावितरणचे येते, पण ते घरमालकाच्या नावावर. इथे नोंदणीकृत भाडेकराराची प्रत पुरेशी असायला हवी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. म्हणजे तो सरकारी दप्तरात नोंदलेला कागद आहे. नुसत्या स्टॅम्प पेपरवरच्या, नोटरी केलेल्या कराराला ते वजन नाही. सोबत घरमालकाच्या वीजबिलाची प्रत जोडली तर करारातील आणि बिलावरील पत्ता एकच आहे, हे दिसते.

तिसरी अडचण, ‘आधी आधार बदलून आणा.’ याची गरज नाही. विद्यार्थ्याचे आधार यूडायस प्लस किंवा ‘अपार’ ओळख क्रमांकाशी जुळवताना नाव, जन्मतारीख आणि लिंग पाहिले जाते, पत्ता नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येणार नाही, असे स्पष्ट केले आहे. आधार हा पत्त्याचा एक पुरावा झाला, एकमेव नव्हे. ज्यांना आधारही बदलायचेच आहे, त्यांनी आधी आई किंवा वडिलांचा पत्ता बदलावा. मग ‘कुटुंबप्रमुखा’च्या संमतीने मुलाचा पत्ता ऑनलाइन बदलता येतो. विनंती आल्यावर कुटुंबप्रमुखाने ३० दिवसांत संमती द्यावी लागते, नाहीतर ती बाद होते. पण दोन-तीन वर्षांनी परत यायचे असेल आणि मधे घर पुन्हा बदलण्याची शक्यता असेल, तर दर अकरा महिन्यांनी घरातल्या सगळ्यांचे आधार बदलत बसण्यात फारसा अर्थ नाही.

मग अर्ज कसा लिहावा?

वरच्या कुटुंबाचा अर्ज असा असेल :

प्रति,
मा. मुख्याध्यापिका,
.......... शाळा, घाटकोपर (पूर्व), मुंबई ४०००७७

विषय : विद्यार्थिनीच्या सध्याच्या निवासी पत्त्यात बदल नोंदवण्याबाबत.
विद्यार्थिनीचे नाव : ..........  इयत्ता व तुकडी : ५ वी ....  जनरल रजिस्टर क्र. : ....  पेन : ....

महोदया,
माझी मुलगी वरील वर्गात शिकत आहे. प्रवेशाच्या वेळी नोंदवलेल्या ‘इमारत क्र. ...., खोली क्र. ...., पंतनगर, घाटकोपर (पूर्व), मुंबई ४०००७५’ या पत्त्यावर आमचे कुटुंब ३० एप्रिलपर्यंत राहत होते. सदर इमारत पुनर्विकासासाठी रिकामी केल्यामुळे १ मेपासून आम्ही तात्पुरते पुढील पत्त्यावर राहत आहोत :
खोली क्र. ...., .......... सोसायटी, मुलुंड (पूर्व), मुंबई ४०००८१. जवळचे रेल्वे स्थानक : मुलुंड.

तरी कृपया (१) शाळेच्या नोंदीत व यूडायस प्लसवर सध्याचा पत्ता, पिनकोड आणि घर ते शाळा अंतर अद्ययावत करावे. (२) पंतनगरचा पत्ता कायमचा पत्ता म्हणून तसाच ठेवावा. (३) रेल्वे सवलत प्रमाणपत्र नव्या पत्त्यानुसार द्यावे. पालकांचा मोबाइल क्रमांक तोच आहे. नाव, जन्मस्थळ किंवा जनरल रजिस्टरमधील इतर नोंदींत कोणताही बदल नको आहे.

सोबत : नोंदणीकृत भाडेकराराची प्रत, वीजबिलाची प्रत, इमारत रिकामी केल्याबाबत सोसायटीचे पत्र.

आपली विश्वासू,
(पालकाची सही, नाव, दिनांक)

या अर्जातले वजन ‘३० एप्रिलपर्यंत राहत होते’ या चार शब्दांत आहे. जुना पत्ता खरा होता हे ते सांगतात, आणि सोसायटीचे पत्र त्याला आधार देते. सोसायटीचे पत्र घर सोडतानाच घेऊन ठेवावे. इमारत पाडल्यावर, सगळे रहिवासी पांगल्यावर सचिवांना शोधून लेटरहेडवर सही घेणे किती वेळखाऊ असते, ते पुनर्विकासातून गेलेल्यांना विचारा. रमाबाई नगरसारख्या वस्तीतील कुटुंबांनी सोसायटीच्या पत्राऐवजी प्रकल्पातील भाड्याबाबतचा कागद किंवा परिशिष्ट-२ मधील आपल्या नोंदीची प्रत जोडावी.

कायमचा पत्ता तसाच ठेवण्याचे एक व्यावहारिक कारणही आहे. नव्या इमारतीत परतल्यावर पिनकोड तोच राहील, पण इमारतीचे नाव, विंग आणि फ्लॅट क्रमांक बदललेला असेल. तेव्हा एकदाच, ताबा मिळाल्यावर, शेवटचा अर्ज द्यावा लागेल. मधल्या भाड्याच्या घरांसाठी फक्त ‘सध्याचा पत्ता’ हा रकाना हलत राहील.

नोंदणीकृत करार नसेल तर?

उपनगरांतील चाळी आणि वस्त्यांमध्ये हे सर्रास घडते. घरमालक नोंदणी टाळतो आणि कुटुंबाकडे फक्त पागडीसारखी तोंडी समज असते. अशा वेळी नव्या पत्त्यावर बदलून घेतलेले बँकेचे पासबुक किंवा गॅसजोडणीचे कार्ड चालू शकते. फक्त ‘सध्याचा पत्ता’ बदलताना मुख्याध्यापक पालकाचे लेखी स्वयंघोषणापत्रही मान्य करू शकतात, कारण इथे कोणता लाभ दिला जात नसून संपर्काची नोंद बदलली जात आहे. अर्थात, खोटी घोषणा दिल्यास जबाबदारी पालकाचीच. आणि कोणी ‘दोनशे रुपयांत करार करून देतो’ म्हणून मागील तारखेचा कागद पुढे केला, तर तो घेऊ नये. आरटीईतील गुन्हे अशाच कागदांवरून सुरू होतात.

अर्ज दिला, काम झाले हे कसे कळणार?

अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शाळेचा शिक्का घ्यावा. वर्गशिक्षकांच्या हातात किंवा व्हॉट्सअॅपवर दिलेल्या माहितीने वर्गातली यादी बदलते, कार्यालयातली बदलेलच असे नाही. पत्ता बदलण्याला कायद्याने ठरवलेली मुदत नाही, त्यामुळे दोन-तीन आठवड्यांनी स्वतः विचारणा करावी लागते.

तपासण्याची सोपी युक्ती म्हणजे राहत्या पत्त्यासह बोनाफाईड प्रमाणपत्र मागणे. त्यावर जो पत्ता छापून येईल तोच शाळेच्या संगणकात आहे असे समजावे. यूडायस प्लसची नोंद मात्र वेगळी. ती लिपिकाला किंवा संगणक शिक्षकांना पडद्यावर दाखवण्याची विनंती करावी, आणि पत्त्याबरोबर पिनकोड व अंतराचे रकानेही पाहून घ्यावेत. मूल नववी-दहावीत असेल तर हे अधिक गरजेचे. राज्य मंडळाने दहावीच्या नियमित विद्यार्थ्यांचे परीक्षा अर्ज पेन क्रमांकावरून भरून घेण्यास सुरुवात केली आहे, म्हणजे यूडायसमधली माहिती पुढेही सोबत जाते.

शाळेची बस असेल तर चालक-मालकाला आणि शाळेच्या परिवहन समितीला वेगळे कळवावे. कार्यालयातला पत्ता बदलला तरी बसच्या थांब्यांची यादी आपोआप बदलत नाही, आणि पहिल्या दिवशी मूल जुन्या थांब्यावर उतरवले जाण्याचा धोका असतो.

कार्यालयाने अर्ज घेतलाच नाही तर आधी मुख्याध्यापकांना भेटावे. तरीही दाद लागली नाही तर माध्यमिक शाळेसाठी संबंधित विभागाच्या शिक्षण निरीक्षकांकडे आणि प्राथमिकसाठी महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे जाता येते. महापालिका वॉर्डनुसार पाहते. घाटकोपर ‘एन’, मुलुंड ‘टी’, बोरिवली ‘आर मध्य’, तर अंधेरी ‘के पूर्व’ आणि ‘के पश्चिम’मध्ये मोडते. इथे वॉर्ड शाळेचा धरायचा, नव्या घराचा नव्हे. मुलुंडला राहणाऱ्या वरच्या कुटुंबाला म्हणूनच ‘एन’ वॉर्डाकडेच जावे लागेल.